आईची कावीळ आणि गुळवेलीचा काढा: डॉक्टर नक्की कशावरून ओळखतात?

सायली_सातारा | १६ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. आईचं वय ५८. थायरॉइडची गोळी बारा वर्षांपासून चालू आहे, बाकी काही आजार नाही, दारूचा प्रश्नच नाही. मागच्या आठवड्यात कावीळ निघाली. आमच्या घरात आता दोन तट पडलेत, म्हणून इथे लिहिते आहे.

११ तारखेचा रिपोर्ट: बिलिरुबिन ९.४, एसजीओटी ११२०, एसजीपीटी १३४०, अल्कलाइन फॉस्फटेज १६८, आयएनआर १.३. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तनलिका फुगलेली नाही. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई, चारही निगेटिव्ह.

इथल्या डॉक्टरांनी दोन वेळा विचारलं, "कसली औषधं चालू आहेत?" दोन्ही वेळा आई म्हणाली, "थायरॉइडची गोळी, बास." मीसुद्धा मान हलवली. पुण्याला यकृताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी प्रश्नच बदलला. म्हणाले, "मावशी, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी काय घेता?" आई लगेच म्हणाली, "काढा." आमच्या कुंपणावर गुळवेल आहे, तिचा रोजचा काढा. तो औषधात मोडतो असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

त्यांनी काढा त्या दिवसापासून बंद करायला सांगितला आणि काढ्यामुळेच हे झालं असण्याचा दाट संशय आहे म्हणाले. पण वडील आणि मामा ऐकायला तयार नाहीत. "गुळवेल म्हणजे अमृता, तिने कावीळ बरी होते, होत नाही" असं त्यांचं म्हणणं. रक्तात गुळवेल सापडली असा तर कुठलाच रिपोर्ट नाही. मग डॉक्टर एवढ्या खात्रीने कशावरून सांगतात? कोणी अनुभवी असेल तर समजावून सांगा.

---

अण्णा_जळगावकर | १६ ऑगस्ट, ११.२५

ताई, घाबरू नका. माझं एसजीपीटी गेली तीन वर्षं ६५-७० आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. मी लिव्हरचं आयुर्वेदिक सिरप रोज दोन चमचे घेतो, काही त्रास नाही. तेच आईंना सुरू करा. कावीळ असेल तर भुईआवळ्याचा रस रिकाम्या पोटी.

---

हडसनकाठी | १७ ऑगस्ट, पहाटे ३.१०

अण्णा, कृपा करून नको. सायली, आत्ता काहीही नवीन सुरू करू नकोस, लिव्हर टॉनिकसुद्धा नाही. आम्ही न्यू जर्सीत यातून गेलोय. सविस्तर नंतर लिहिते.

---

डॉ_निशिगंध | १७ ऑगस्ट, सकाळी ७.१५

सायली, मी पोटविकारतज्ज्ञ आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे उपचार त्यांच्या डॉक्टरांचेच. पण "कशावरून ओळखतात" याचं उत्तर देता येईल.

आधी अण्णांसाठी. फॅटी लिव्हरमधलं ७० आणि इथलं १३४० हे एकाच आजाराचे कमीजास्त आकडे नाहीत. तुमच्या यकृतात चरबी हळूहळू साठते आहे. सायलीच्या आईच्या यकृतात पेशी फुटताहेत आणि त्या जोडीला कावीळ आहे. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर, आणि कारण एखादं औषध, ही जोडी दिसली की आम्ही सावध होतो. हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं होतं: अशा दहा रुग्णांतला साधारण एक दगावतो किंवा त्याला यकृत बदलावं लागतं. म्हणून "घाबरू नका" एवढ्यावर थांबता येत नाही.

औषधामुळे झालेल्या इजेला स्वतःची अशी रक्ततपासणी नाही. वडिलांचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे. आम्ही दोन गोष्टी करतो. बाकीची कारणं एकेक करून वगळतो, आणि तारखा जुळवतो.

वगळण्याचं बरंचसं काम झालेलं दिसतं. पावसाळ्यात आपल्याकडे हिपॅटायटिस ई सर्वांत आधी पाहावा लागतो, कारण दूषित पाण्याने होणारी ही कावीळ हुबेहूब अशीच दिसते. त्याची आयजीएम तपासणीच केली आहे ना, हे रिपोर्टवर बघा. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटलं आहे का ते सुचवणाऱ्या एएनए आणि आयजीजी या दोन तपासण्या केल्यात का? आईंना थायरॉइड आहे, म्हणून मुद्दाम विचारतो.

तारखांचं काम मात्र घरच्यांनाच करावं लागतं. काढा कोणत्या दिवशी सुरू झाला, पहिलं लक्षण कधी दिसलं, डोळे पिवळे कधी झाले, आणि मध्ये आणखी काय काय पोटात गेलं. एका कागदावर लिहा. आणि घरात आई जे जे घेतात ते सगळं एका पिशवीत भरून बघा. शिशी, पुडी, चूर्ण, डबा, सगळं.

---

वैद्य_सोनचाफा | १७ ऑगस्ट, दुपारी १२.३०

मी बीएएमएस आहे, कोल्हापुरात वीस वर्षं चिकित्सा करतो. गुळवेलीला सरसकट आरोपी करणं मला मान्य नाही. गुडूची आम्ही कावीळीतही वापरतो, ज्वरातही वापरतो. दोन शक्यता आधी तपासा. एक, वेल खरी गुळवेलच आहे का? तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे आणि यकृताला त्रास तिच्याने होतो. आयुष मंत्रालयानेही हेच म्हटलं आहे. दोन, किती आणि किती दिवस? शास्त्रात औषध रोग, प्रकृती आणि काळ पाहून दिलं जातं. मोबाइलवर आलेला निरोप वाचून महिनोन्महिने काढा पिणं म्हणजे आयुर्वेद नव्हे.

---

सायली_सातारा | १७ ऑगस्ट, रात्री ९.५०

डॉक्टर, पिशवी भरली. मी हादरले आहे, म्हणून जसं निघालं तसं लिहिते.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले गुळवेलीचे तुकडे. देवघराच्या कपाटात अश्वगंधा चूर्णाचा डबा, अर्धा संपलेला. सांधेदुखीच्या गोळ्यांची एक शिशी, लेबल नाही, मामांनी कुठल्याशा यात्रेतून आणलेली. त्रिफळा. तापाच्या ६५० च्या गोळ्यांची पट्टी, त्यातल्या सहा संपलेल्या. सर्दीच्या गोळ्यांची वेगळी पट्टी. आणि एका जुन्या कफ सिरपच्या बाटलीत हिरवट पाणी. ते काविळीचं गावठी औषध. हे मला माहीतच नव्हतं.

तारखा आईने सणांवरून सांगितल्या, त्यामुळे चूक होण्याची शक्यता कमी वाटते. काढा वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला, म्हणजे ११ जून. दोन बोटं लांबीचे दोन तुकडे ठेचून चार कप पाण्यात, एक कप उरेपर्यंत उकळायचे. रोज. एकही दिवस चुकला नाही. नागपंचमीला, म्हणजे २९ जुलैला, पुरणाच्या दिंडांचा वास सहन झाला नाही, तेव्हापासून अन्नावरची वासना गेली. अंग दुखायचं म्हणून तापाची गोळी दिवसातून दोनदा तीन दिवस, आणि त्याच दिवसांत सर्दीची गोळीही दोनदा. ४ ऑगस्टला लघवी चहासारखी, डोळे पिवळे. ५ तारखेला मामा ते गावठी औषध घेऊन आले, राखीपौर्णिमेपर्यंत पाच दिवस घेतलं. ११ ला रक्त तपासलं. काढा मात्र १३ तारखेपर्यंत चालूच होता. उलट कावीळ झाली म्हणून दिवसातून दोनदा घेत होती.

अश्वगंधा गेल्या दिवाळीपासून अधूनमधून, शेवटची मार्चमध्ये. सांध्याच्या गोळ्या मे महिन्यात आठ दिवस.

एएनए पॉझिटिव्ह आहे, १:३२०. आयजीजी २२४०, लॅबच्या कागदावर मर्यादा १६०० लिहिली आहे. ई ची तपासणी आयजीएमचीच होती.

---

रानवाटा | १७ ऑगस्ट, १०.४५

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वेल ओळखायची असेल तर उद्या सकाळी उजेडात एवढं बघा. खोडावरून बोट फिरवा. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक, दाट उंचवटे असतात आणि खोड करडं दिसतं. आपल्या गुळवेलीचं कोवळं खोड हिरवं आणि बरंच गुळगुळीत असतं, जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते. ताजं खोड कापल्यावर दुधासारखा चीक येतो का तेही बघा. क्रिस्पाला तो येतो.

---

डॉ_निशिगंध | १८ ऑगस्ट, सकाळी ६.५०

सायली, फार चांगला कागद केलात. आता त्याच्याकडे मी कसं बघतो ते सांगतो.

११ जून ते २९ जुलै, ४८ दिवस. देशातल्या १३ केंद्रांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले ४३ रुग्ण एकत्र करून २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मधला काळ ४६ दिवसांचा होता. म्हणजे तुमच्या तारखा चपखल बसतात. त्याआधी करोनाच्या पहिल्या वर्षात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, मुंबईत असे सहा रुग्ण आढळले होते आणि ते २०२१ मध्ये छापून आले. प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी काढे उकळत होते तेव्हाची ही गोष्ट.

आता बाकीचे संशयित. गावठी औषध ५ ऑगस्टला आलं, पण अन्नाची वासना २९ जुलैलाच गेली होती. आजार आधी आणि औषध नंतर, म्हणून सुरुवात त्याने केलेली नाही. त्याने भर घातली असेल, ते नाकारता येत नाही. सांध्याच्या गोळ्या मे मध्येच बंद झाल्या, तरी बिनलेबलच्या त्या शिशीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. ती टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आइसलंडपासून आपल्या केरळपर्यंत नोंदलेले आहेत, पण तुमच्याकडे ती मार्चमध्येच थांबली.

तापाच्या गोळीचं नीट बघू. ६५० च्या दोन म्हणजे १३००. सर्दीच्या गोळीचं पाकीट वाचा, बहुतेक त्यातही पॅरासिटामॉल ५०० असेल. म्हणजे दिवसाला २३००. धडधाकट माणसाला ४००० च्या आत चालतं, उपाशी आणि आजारी माणसाला आम्ही त्याहून बरंच कमी देतो. पण पॅरासिटामॉलच्या विषबाधेचं चित्र निराळं असतं. एसजीपीटी दोन दिवसांत कित्येक हजारांवर जातं, तितक्याच वेगाने उतरतं, आणि त्या मानाने कावीळ कमी असते. शिवाय गोळ्या सुरू झाल्या त्या वासना गेल्यानंतर. दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असणं मात्र रोजचं आहे, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय ठेवा.

इजा कुठे झाली हेही रिपोर्टच सांगतो. एसजीपीटी नॉर्मलच्या किती पट? १३४० भागिले ४०, म्हणजे साडेतेहेतीस. अल्कलाइन फॉस्फटेज किती पट? १६८ भागिले १२०, म्हणजे १.४. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जवळपास २४ येतात. पाचच्या वर आलं की मार यकृताच्या पेशींना बसलेला असतो, दोनच्या खाली आलं तर पित्त अडकलेलं असतं. गुळवेलीच्या रुग्णांत बहुतेक पहिलाच प्रकार दिसतो.

काय बंद करायचं? पिशवीतलं सगळं. त्रिफळाही. त्रिफळ्यावर माझा आरोप नाही, पण पाच गोष्टींपैकी तीन चालू ठेवल्या तर पुढे आकडे उतरले किंवा चढले तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. थायरॉइडची गोळी बंद करायची नाही. ती बारा वर्षं चालू आहे आणि तिच्याशिवाय भागणार नाही. नेहमीची गोळी स्वतःच्या मनाने कुणीही बंद करू नये.

आणि लक्ष कशावर ठेवायचं? आई दिवसा झोपून रात्री जागी राहू लागल्या, असंबद्ध बोलू लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.५ च्या वर गेला, तर त्याच दिवशी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

---

मनोज_चिपळूण | १८ ऑगस्ट, ११.००

डॉक्टरसाहेब, आमच्या काकांना टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली, महिनाभर दवाखान्यात होते. त्या तर इंग्रजी गोळ्या. मग नुसत्या झाडपाल्यालाच का धरता?

---

डॉ_निशिगंध | १८ ऑगस्ट, १.४०

मनोज, बरोबर आहे तुमचं. आपल्या देशात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेत टीबीच्या गोळ्यांचा नंबर पहिला लागतो. फरक एवढाच की त्या देताना डॉक्टरला धोका ठाऊक असतो, रुग्णाला मळमळ आणि गडद लघवीबद्दल सांगून ठेवलेलं असतं आणि काय दिलं याची चिठ्ठी असते. काकांच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवून पुन्हा एकेक करून सुरू केल्या असतील. टीबी जीवघेणा आहे म्हणून तो धोका पत्करतात. काढ्याच्या बाबतीत "पुन्हा घेऊन बघू, होतं का" असं कधीही करायचं नाही. दुसऱ्या वेळची इजा अनेकदा लवकर येते आणि जास्त जोरात येते.

---

सायली_सातारा | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१५

रानवाटा ताई, सकाळी बघितलं. पान हृदयाच्या आकाराचं, खोड हिरवं, जुन्या भागाची साल पापुद्र्यासारखी निघते. खोड अंगठ्याएवढं जाड आहे, त्यावर बारीक ठिपके आहेत पण चामखिळी नाहीत. विळीवर कापलं तर पाणीदार रस आला, पांढरा चीक नाही. आतला गर चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. फोटो तुम्हाला निरोपात पाठवला आहे.

कालचा रिपोर्ट: एसजीपीटी १०१०, पण बिलिरुबिन ११.८ झालं. आयएनआर १.४. मामा म्हणतात, बघा, काढा बंद केला आणि कावीळ वाढली.

---

रानवाटा | १९ ऑगस्ट, ९.३०

फोटो पाहिला. ही आपली नेहमीची गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. फोटोवरून जेवढी खात्री देता येते तेवढी देते. फुलं किंवा फळं असती तर आणखी ठामपणे सांगितलं असतं.

---

डॉ_निशिगंध | १९ ऑगस्ट, १०.०५

बिलिरुबिन नेहमी मागून येतं. पेशी फुटायच्या थांबल्या की एसजीपीटी आधी उतरू लागतं, पण साठलेलं पित्त निघून जायला वेळ लागतो. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस एक आकडा खाली आणि दुसरा वर असं दिसू शकतं. आत्ता माझी नजर आयएनआरवर असती. मामांना एवढंच सांगा की काढा दिवसातून दोनदा चालू होता, त्याच दिवसांत कावीळ चढली.

---

वैद्य_सोनचाफा | २० ऑगस्ट, सकाळी ८.२०

वेल खरी आहे हे मी मान्य करतो. मग माझा दुसरा मुद्दा उरतो: ताजं खोड, रोज, चौसष्ट दिवस, कुणाच्याही सल्ल्याशिवाय. आणि डॉक्टर, एएनए पॉझिटिव्ह आणि आयजीजी वाढलेलं आहे. म्हणजे हा ऑटोइम्यून हिपॅटायटिस आधीपासूनच असू शकतो की नाही? वेल निमित्तमात्र असेल.

---

डॉ_निशिगंध | २० ऑगस्ट, दुपारी २.१५

वैद्यराज, हा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचं पक्कं उत्तर आज माझ्याकडे नाही. गुळवेलीच्या रुग्णांत हेच चित्र वारंवार दिसलं आहे. एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं, बायॉप्सीत ऑटोइम्यूनसारख्या खुणा, आणि बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइड किंवा तत्सम आजार. एक शक्यता अशी की शरीराची स्वतःविरुद्ध लढण्याची प्रवृत्ती सुप्त होती आणि गुळवेलीने ती जागी केली. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते म्हणूनच लोक ती घेतात, त्यामुळे हे अशक्य वाटत नाही. दुसरी शक्यता, वेलीनेच ऑटोइम्यूनसारखी दिसणारी इजा केली.

मात्रेबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. पॅरासिटामॉल मात्रेनुसार इजा करतं. ही इजा तशी नसते. अनेकांनी तोच काढा प्यायला तर बहुतेकांना काही होणार नाही आणि एखाद्याला होईल, असा हा प्रकार, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून शेजारची काकू दहा वर्षं पिते आहे हा पुरावा ठरत नाही. पण थायरॉइड, संधिवात, कोड असा स्वतःच्या शरीराविरुद्धचा आजार ज्यांना आहे त्यांनी गुळवेलीपासून दूर राहावं, हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो. कोडासाठी बावची पोटातून घेणाऱ्यांनाही सांगतो, तिनेही कावीळ होते.

---

हडसनकाठी | २१ ऑगस्ट, पहाटे ४.००

आता आमचं सांगते. बाबा गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी इथे आले होते. गुडघ्यांसाठी मीच दुकानातून हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या, मिरीचा अर्क घातलेल्या. तीन महिन्यांनी खाज आणि कावीळ. इथल्या डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली टेबलावर ठेवून मागचं लेबल मोठ्याने वाचलं. मला वाटलं, आपण हळद रोज भाजीत खातो, तिचं काय एवढं! त्यांनी समजावलं की स्वयंपाकातली हळद शरीरात फार थोडी शोषली जाते, मिरीचा अर्क जोडला की ती कित्येक पट जास्त शोषली जाते, आणि म्हणूनच तो घालतात. अमेरिकेत अशा रुग्णांचा अभ्यास झाला आहे आणि त्यांतल्या बहुतेकांत एक ठरावीक जनुक सापडलं, असंही सांगितलं.

बंद केल्यावर बाबा अडीच महिन्यांत बरे झाले. त्या बाटलीवर कुठेही इशारा नव्हता. मी स्वतः रोज सकाळी ती कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवत होते, हे अजून मनातून जात नाही.

---

अण्णा_जळगावकर | २१ ऑगस्ट, सकाळी ९.१०

मग भाजीतली हळदही बंद करायची का? कावीळीत आमच्याकडे हळद, तेल, तिखट सगळं वर्ज्य. नुसती उकडलेली भाजी आणि उसाचा रस.

---

डॉ_निशिगंध | २१ ऑगस्ट, १०.३०

फोडणीतली हळद राहू दे, अण्णा. आणि आईंना उपाशी ठेवू नका. वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं. यकृताला स्वतःची डागडुजी करायला प्रथिनं लागतात, आणि कडक पथ्य पाळून माणसं इथे फक्त वाळतात. उसाचा रस रस्त्यावरचा नको, हिपॅटायटिस ई आणि ए त्या बर्फातून आणि पाण्यातून येतात. तुमचं सिरपही महिनाभर थांबवा, मग एसजीपीटी करून कळवा. वजन किती आहे?

---

सायली_सातारा | १ सप्टेंबर, रात्री ११.३०

आज घरी गौरींचं पूजन होतं. आई खुर्चीवर बसून सगळं बघत होती, नैवेद्याचं ताट तिने हाताने वाढलं.

२५ ऑगस्टला एसजीपीटी ६१०, बिलिरुबिन १२.१. आजचं एसजीपीटी ५९०, बिलिरुबिन ११.६. आयएनआर १.४ वरच. म्हणजे आठवडाभर जागचं हललं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, परवा बायॉप्सी करू. मन धजत नाही. करायलाच हवी का?

---

डॉ_निशिगंध | २ सप्टेंबर, सकाळी ६.४५

मीही तोच सल्ला दिला असता. तीन आठवड्यांत एसजीपीटी निम्म्याहून खाली आलं, ही गोष्ट काढ्याकडे बोट दाखवते. औषध थांबवल्यावर महिन्याच्या आत निम्मं उतरणं ही इजा औषधानेच झाली का ते ठरवायच्या आमच्या गुणांकनातली महत्त्वाची खूण आहे. पण मग ते अडलं आणि आयजीजी वाढलेलं आहे, ही गोष्ट दुसरीकडे बोट दाखवते. स्टेरॉइड द्यायचं की वाट पाहायची हे ठरवायला आतलं चित्र लागणार. बरगड्यांच्या मधून सुई जाते, जागा बधिर करतात, नंतर काही तास उजव्या कुशीवर झोपवून ठेवतात आणि नाडी, रक्तदाब बघत राहतात. रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, म्हणून आयएनआर आणि प्लेटलेट बघूनच करतात. जुने व्रण कितपत आहेत तेही त्यात कळेल. ते खूप असतील तर आजार वटपौर्णिमेच्या आधीचाच म्हणावा लागेल.

---

सायली_सातारा | ६ सप्टेंबर, दुपारी ४.२०

बायॉप्सीचा रिपोर्ट आला. यकृताच्या कडेच्या पेशींभोवती सूज, प्लाझ्मा पेशी, त्यांच्यासोबत इओसिनोफिल. व्रण अगदी थोडे, जुना आजार दिसत नाही असं लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, इओसिनोफिल आणि व्रण नसणं हे औषधाच्या बाजूचं, प्लाझ्मा पेशी ऑटोइम्यूनच्या बाजूच्या. प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम कालपासून सुरू केलं.

---

मनोज_चिपळूण | ६ सप्टेंबर, ६.००

स्टेरॉइड म्हणजे आणखी एक औषध. काळजी घ्या. साखर तपासत राहा.

---

डॉ_निशिगंध | ६ सप्टेंबर, ९.१५

मनोजचं ऐका, साखर आणि रक्तदाब दोन्ही बघा, आणि गोळी स्वतःहून एकदम थांबवू नका. कमी करायची ती डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनी.

एक काम आणखी करा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद होते, रुग्णालाही ती करता येते. १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनामूल्य क्रमांक. आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा आहे. वैद्यराज, तुमच्या बाजूनेही ही नोंद जायला हवी.

---

वैद्य_सोनचाफा | ७ सप्टेंबर, सकाळी ७.५०

जाईल. सायलीताई, फॉर्म मला पाठवा, मी भरून देतो. माझ्याकडे आता जो कोणी गुळवेल घेतो म्हणून येईल त्याला मी थायरॉइड आहे का ते विचारणार आहे. हे मी आजवर विचारत नव्हतो.

---

सायली_सातारा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.००

बरेच जण निरोपात विचारत होते, म्हणून इथे लिहिते. १५ सप्टेंबरला एसजीपीटी २१०, बिलिरुबिन ६.२. ६ ऑक्टोबरला ६४ आणि २.३. कालचं ३१ आणि ०.९, आयजीजी १४८०. स्टेरॉइड आता १० मिलिग्रॅमवर आहे. दिवाळीत आईने स्वतः चकल्या केल्या.

डॉक्टर म्हणाले, खरं उत्तर स्टेरॉइड पूर्ण थांबवल्यानंतर मिळेल. सहा महिने, वर्षभर आकडे शांत राहिले तर गुळवेलीने झालेली इजा म्हणायची. पुन्हा चढले तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आणि मग गोळ्या बरीच वर्षं. मार्चपर्यंत स्टेरॉइड बंद करायचा विचार आहे.

मामा अजून मानत नाहीत. पण गावठी औषधाची बाटली त्यांनीच उचलून नेली. त्या बिनलेबलच्या गोळ्या मी डॉक्टरांकडे दिल्यात, त्यांनी तपासायला पाठवल्या आहेत, उत्तर आलेलं नाही.

वेल कुंपणावर आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी खोडाचा तुकडा मागायला आल्या, त्यांच्या सुनेला डेंग्यू झाला होता. आईने त्यांना आत बसवलं आणि सुनेला थायरॉइड आहे का ते आधी विचारलं. आहे म्हणाल्या. मग आईने स्वतःची फाइल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

---

अण्णा_जळगावकर | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

डॉक्टर, सिरप बंद करून अडीच महिने झाले. वजन ८४ चं ७९ वर आलं, रोज चालतो. एसजीपीटी ४८. सिरप बंद केल्याने उतरलं की चालण्याने?

---

डॉ_निशिगंध | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१०

पाच किलो गेले त्याचा वाटा मोठा असावा. सिरपचा किती होता ते यातून वेगळं काढता येणार नाही, दोन्ही एकाच वेळी बदललं तुम्ही. सिरप पुन्हा सुरू करू नका. फेब्रुवारीत परत तपासा.